दारात सापडलेलं बोट आणि काढून ठेवलेली वीट : पालकांना खुले पत्र

पालकहो, नमस्कार.

गेल्या मंगळवारी मधल्या सुट्टीच्या तोंडावर दुसरीतल्या एका मुलाचं बोट वर्गाच्या दारात सापडलं. डाव्या हाताची अनामिका. नख अर्धं उचकटलं, नखाखालच्या मांसाला सेंटिमीटरभर चीर गेली, दोन टाके पडले. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे. मुलगा त्याच दुपारी घरी गेला, वरण-भात जेवला आणि संध्याकाळपर्यंत झोपला, असं त्याच्या आईने मला फोनवर सांगितलं. टाके घातल्यावर डॉक्टरांनी तेच नख झाकणासारखं परत जागेवर बसवलं आहे. ते काही दिवसांनी गळून पडेल आणि खालून नवं येईल. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे पूर्ण नख दिसायला चार ते सहा महिने जातील. सुरुवातीला ते जरा खडबडीत येऊ शकतं.

एवढं आधी सांगितलं, कारण त्या दिवशी दुपारपर्यंत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर "शाळेत मुलाचं बोट तुटलं" असा निरोप फिरत होता. एका आजोबांपर्यंत तर "वर्गाचं दार अंगावर पडलं" असं पोहोचलं आणि ते काठी टेकत शाळेत आले. त्यांचा नातू चौथीत, दुसऱ्या मजल्यावर शांतपणे गणितं सोडवत बसला होता. निरोप फिरवणाऱ्यांना मी दोष देत नाही. शाळेने वेळेवर सांगितलं असतं तर गावभर सांगायची वेळ तुमच्यावर आली नसती. त्या उशिराबद्दल पुढे लिहिते आहे.

मुलाचं नाव या पत्रात नाही आणि तुम्हीही ते कुठे लिहू नका. त्याच्या आई-वडिलांना हे पत्र आधी वाचून दाखवलं आहे, त्यांची हरकत नाही.

आता काय झालं ते. दहा वाजता मधली सुट्टी होते. त्याच्या दोन-तीन मिनिटं आधी हात धुवायला जाण्यासाठी वर्गाची रांग दाराशी उभी राहते. बाई शेवटच्या बाकांजवळ वह्या गोळा करत होत्या. आपला हा मुलगा रांगेत तिसरा होता. पुढची रांग थांबली की मुलं जे करतात तेच त्याने केलं, दाराच्या चौकटीला रेलून उभा राहिला आणि हात चौकटीवर ठेवला. दार वर्गाच्या आत उघडतं. ते पूर्ण उघडं असलं की बिजागरीच्या बाजूला, पल्ला आणि चौकट यांच्यामध्ये, उंबऱ्याकडून दिसेल अशी एक उभी फट तयार होते. मोठ्या माणसाचा अंगठाही त्यात सहज जातो. मुलाची बोटं त्या फटीत होती. वाऱ्याचा झोत आला, दार आपटलं.

त्याला कुणी ढकललं का, कुणी दार लोटलं का, हे मला पहिल्या तासाभरात दहा जणांनी विचारलं. एका मुलाचं नावही पुढे आलं, कारण तो दाराच्या सर्वांत जवळ होता आणि घाबरून रडत होता. त्याला मी माझ्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. "बाई, मी हातच नव्हता लावला," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्याचं पटलं होतं, पण नुसतं पटून भागत नाही. म्हणून बुधवारी त्याच वेळेला वर्ग रिकामा करून मी, सुतारकाका आणि शिपाईदादा तिथे जाऊन उभे राहिलो.

आपली शाळा शहराच्या पश्चिम टोकाला आहे हे तुम्हाला माहीत आहेच. ढग नसले तर त्या वर्गाच्या खिडकीतून अंजनेरी दिसते. आषाढात वारा त्याच बाजूने, त्र्यंबककडून येतो, आणि मधे अडवायला फारसं काही नाही. खिडक्या पश्चिमेला, दार पूर्वेला, पलीकडे उघडा व्हरांडा. म्हणजे खिडकीतून शिरलेला वारा वर्ग ओलांडून दारातूनच बाहेर पडतो आणि जाताना आत उघडलेला पल्ला चौकटीकडे ओढत नेतो. खिडक्या बंद ठेवून आम्ही दहा मिनिटं थांबलो, दार हललं नाही. मग तिन्ही खिडक्या उघडल्या. पहिल्या झोताला पल्ला वीतभर सरकला, दुसऱ्याला तिथेच डुलत राहिला, तिसऱ्याला असा आपटला की शेजारच्या वर्गातल्या बाई बाहेर आल्या. कुणीही हात लावलेला नव्हता. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर बोलावून हे सांगितलं, आणि इथेही सांगते आहे. त्याला आता कुणी काही विचारू नये.

पण हा वारा काही यंदाच आला नाही. ती इमारत उभी राहिल्यापासून दर पावसाळ्यात येतो. मग दार याच मंगळवारी का आपटलं? ह्या प्रश्नाचं उत्तर मला फारसं आवडलेलं नाही.

सोमवारी शाळेत पाहुणे येऊन गेले होते. त्यासाठी आदल्या आठवड्यात आम्ही शाळा आवरली. त्या दाराला कित्येक वर्षं एक वीट लावलेली असायची. अर्धी झिजलेली, पांढरा चुना लागलेली. दिसायला वाईट, म्हणून ती मीच उचलायला सांगितली. दाराच्या बिजागऱ्या करकरायच्या, म्हणून सुतारकाकांनी त्यांना तेल दिलं. आणि पावसाने कोंदट झालेल्या वर्गांना हवा लागावी म्हणून, एरवी पावसाळाभर बंद असणाऱ्या पश्चिमेच्या खिडक्या त्या आठवड्यात उन्हं पडताच उघडायला सांगितलं. तेही मीच. करकरणारी बिजागरी दाराचा वेग कमी करत होती, वीट दार धरून ठेवत होती आणि बंद खिडकी वारा अडवत होती. आम्ही एका आठवड्यात तिन्ही गोष्टी सुधारल्या. प्रत्येक सुधारणा एकेकटी बरोबरच होती. तिन्ही एका दारावर एकत्र आल्या तेव्हा काय होईल, हे एकानेही उभं राहून पाहिलं नाही, आणि पाहायचं काम माझं होतं. वर्गाच्या बाईंचं नव्हतं, मावशींचं तर मुळीच नव्हतं.

दारात बोट सापडणं आपल्याकडे प्रत्येक घरात कधी ना कधी झालेलं असतं, म्हणून आपण ते हसण्यावारी नेतो. पण बोट कडीच्या बाजूला सापडणं आणि बिजागरीच्या बाजूला सापडणं यात फार फरक आहे. अडकित्ता डोळ्यांसमोर आणा. सुपारी दांड्याच्या टोकाशी धरली तर ती फुटत नाही, सांध्याजवळ सरकवली की कट्‌कन फुटते. वर्गाचं दार म्हणजे नव्वद सेंटिमीटर दांड्याचा अडकित्ता. कडीच्या बाजूला वाऱ्याने किंवा मुलाने तीन किलोचा रेटा दिला आणि बोट बिजागरीपासून दोन सेंटिमीटरवर असलं, तर ढोबळ हिशेबाने तो रेटा पंचेचाळीस पट होतो, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर. म्हणूनच दार हळू लोटलं तरी बिजागरीकडे बोट चिरडतं, आणि दार लोटणाऱ्याला काही अडल्याचं हातालाही जाणवत नाही. बुधवारी शिक्षकांच्या बैठकीत मी हे बोलून दाखवलं नाही. सुतारकाकांनी त्याच फटीत एक गाजर धरलं आणि मी करंगळीने दार लोटलं. गाजराचे दोन तुकडे झाले आणि त्यातला एक बाकाखाली गेला. त्यानंतर बैठकीत दारांविषयी कुणाला वेगळं काही समजावावं लागलं नाही.

मुलाला लागल्यानंतर काय झालं, तेही सगळं लिहिते. त्यात काही बरोबर झालं आणि काही नाही.

बाई धावत पुढे आल्या, दार उघडलं. मुलाच्या त्या बोटात चांदीचं वळं होतं. बाईंनी पहिल्यांदा ते काढलं. मला याचं फार कौतुक वाटलं, कारण रक्त पाहून माणूस गडबडतो आणि वळं राहून जातं. बोट दहा-पंधरा मिनिटांत सुजतं, मग वळं निघत नाही, ते कापावं लागतं आणि तोवर बोटाचं रक्त अडतं. मग त्यांनी स्वतःचा धुतलेला रुमाल घडी करून बोटावर दाबून धरला आणि मुलाचा हात छातीच्या वर उचलून ठेवला. तेही बरोबर.

चुकलं ते पुढे. स्वयंपाकघरातल्या मावशी मूठभर हळद घेऊन आल्या आणि रुमाल बाजूला करून ती जखमेवर भरली. त्यांचा हेतू वाईट कसा असेल? आपल्या सगळ्यांच्या आईने हेच केलं आहे. पण उघड्या जखमेत भरलेली हळद रुग्णालयात टाके घालण्याआधी धुऊन काढावी लागते, कणाकणाने, आणि त्या दिवशी मुलाला सर्वांत जास्त दुखलं ते तेव्हा, असं डॉक्टर म्हणाले. शिवाय दाबलेला रुमाल मधेच काढल्यामुळे थांबत आलेलं रक्त पुन्हा वाहू लागलं. जखम दाबून धरली की दहा मिनिटं उघडून पाहायची नाही, हे आम्ही मावशींना कधी सांगितलंच नव्हतं. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण शिक्षकांना दिलं होतं. पण मुलाला लागलं की आधी पोहोचतात त्या मावशी, शिपाईदादा, व्हॅनवाले काका, आणि त्यांना आम्ही बोलावलं नव्हतं.

प्रथमोपचार पेटी उघडली तर तिच्यात कापसाचा गठ्ठा, अर्धी बाटली जंतुनाशक, एक मुदत संपलेलं मलम आणि दोन चिकटपट्ट्या. कापूस उघड्या जखमेवर लावायचा नसतो, त्याचे धागे चिकटतात. लागतो तो गॉजचा जाड घडीव तुकडा, आणि पेटीत एकही नव्हता. ती पेटी दर सहा महिन्यांनी तपासून सही करायचा कागद आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. त्यावर शेवटची सही माझीच आहे. मी पेटी पाहिली होती, पेटीत काय आहे ते पाहिलं नव्हतं.

सव्वादहाच्या सुमारास बाई आणि शिपाईदादा मुलाला रिक्षाने जवळच्या रुग्णालयात घेऊन गेले. तिथे पहिलाच प्रश्न आला, धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली? आपल्याकडे मुलांना पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणी लसीचा डोस असतो. त्यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा. दुसरीतल्या मुलाला तो पाच-सहा वर्षांचा डोस मिळाला असेल, तर बहुधा पुन्हा टोचावं लागत नाही. पण मिळाला की नाही हे शाळेच्या दप्तरात नव्हतं, आणि सांगणारे पालक तिथे नव्हते.

ते का नव्हते, हे या पत्रातलं माझ्यासाठी सर्वांत अवघड वाक्य आहे. मुलाला लागलं तीन मिनिटं कमी दहाला. आईशी आमचं पहिलं बोलणं झालं पावणेअकराला. अठ्ठेचाळीस मिनिटं. हजेरीपटात वडिलांचा एकच नंबर होता, तो आधी बंद लागत होता, नंतर वाजत होता पण कुणी उचलत नव्हतं. ते अंबडला कारखान्यात आहेत. कामाच्या जागी फोन नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आईचा नंबर आमच्याकडे नव्हता. तो होता व्हॅनवाल्या काकांकडे. शेवटी शिपाईदादांना ते सुचलं, म्हणून तरी लागला. शाळेच्या कपाटात नसलेला नंबर व्हॅनच्या काकांच्या फोनमध्ये असतो! त्या आईने पहिल्या वाक्यात मला रागावून विचारलं, "मॅडम, मला तुम्ही आत्ता सांगताय?" त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता काय बदलतं आहे. दारांपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं दार आपटल्यानंतरचं आहे.

पहिल्यांदा दार उघडं धरून ठेवायचं, पण विटेने नाही. वीट पायात येते, मुलं ती सरकवून खेळतात, आणि झाडताना बाजूला केली की परत लावायची राहते. शनिवारपासून प्रत्येक वर्गाच्या भिंतीला लोखंडी हूक आणि पल्ल्याला त्याची कडी बसते आहे. पल्ला पूर्ण उघडून हुकात अडकवला की वाऱ्याने हलत नाही. हूक जमिनीपासून पाच फुटांवर आहे, म्हणजे पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाताला लागत नाही, आणि आग किंवा भूकंपासारख्या प्रसंगी मोठ्या माणसाला एका हाताने निघतो. सकाळी वर्ग उघडताना हूक लावायचा आणि शाळा सुटल्यावर काढायचा, हे शिपाईदादांचं काम. वर्गाच्या बाई हजेरी घेण्याआधी त्याच्याकडे एकदा पाहतील.

दुसरं म्हणजे ती फट झाकायची. बाजारात त्यासाठी प्लास्टिकच्या घडीच्या पट्ट्या मिळतात. त्या मागवल्या आहेत, पण सगळ्या चौदा दारांना पुरतील इतक्या यायला वेळ लागेल. तोवर सुतारकाकांनी भद्रकालीतून जाड रेक्झिन आणलं आहे. सहा इंच रुंद पट्टी, एक कड चौकटीवर, दुसरी पल्ल्यावर, मधे जरा ढील ठेवून, खालून चार फुटांपर्यंत. दार उघडं असताना पट्टी ताणून फटीवर येते आणि बंद होताना बाहेरच्या बाजूला फुगते. ढील न ठेवता ठोकली तर पहिल्याच दिवशी खिळे उपटतात. आमची पहिली पट्टी अशीच गेली. रेक्झिन वर्षभराने चिरतं हे मला माहीत आहे. म्हणून दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर प्रत्येक पट्टी हाताने ओढून पाहायची, आणि ते पाहायला या वेळी सहीबरोबर मी स्वतः असेन. मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहांची दारं लोखंडी पत्र्याची आहेत, त्यांना खिळे चालत नाहीत. त्यांच्या बिजागऱ्यांकडे सुतारकाका वेगळी सोय करत आहेत. तोवर पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर तिथे मावशी जातील.

दोन-तीन पालकांनी सुचवलं की कार्यालयात असतो तसा हायड्रॉलिक डोअर क्लोजर सगळ्या दारांना बसवा, दार हळू बंद होईल. मी त्याचा विचार केला आणि नको ठरवलं. तो दार हळू बंद करतो, पण बंद करायला सतत ओढतो. आपल्याला वर्गाचं दार दिवसभर उघडं हवं आहे. आणि मघाशी सांगितलं तसं, बिजागरीच्या बाजूला हळू बंद होणारं दारही बोट सोडत नाही. दुसऱ्या एका पालकांनी व्हरांड्यात कॅमेरे लावायला सांगितलं. कॅमेऱ्यात वारा दिसला असता, बोट वाचलं नसतं.

रांग आता दाराशी उभी राहत नाही. दारापासून दोन फरश्या आत एक पिवळी रेघ मारली आहे, पहिलं मूल तिच्यावर उभं राहतं, आणि बाई दाराजवळ उभ्या असतात. वह्या गोळा करायचं काम सुट्टीनंतर. रांगेतल्या मुलाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, म्हणजे हात चौकटीवर जात नाही. पहिल्या दिवशी या रांगेची रेल्वे झाली आणि गाडी मनमाडपर्यंत गेली, तेवढं चालायचंच.

प्रथमोपचाराची पेटी नव्याने भरली आहे. आता तिच्यात गॉज, पट्ट्या, हातमोजे, कात्री आहे. कापूस काढून टाकला आहे. कार्यालयातल्या फ्रीजमध्ये थंड पाण्याची पिशवी ठेवली आहे. ती मुक्या मारावर, फडक्यात गुंडाळून लावायची, थेट नाही. येत्या शनिवारी एक डॉक्टर मावशींना, शिपाईदादांना आणि व्हॅनवाल्या काकांना दोन तास शिकवायला येणार आहेत. मी त्यांना मुद्दाम आणखी एक गोष्ट शिकवायला सांगितली आहे. उद्या खरोखरच बोटाचा शेंडा तुटला तर तो फेकायचा नाही आणि बर्फात थेट टाकायचाही नाही. ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळायचा, पिशवीत बंद करायचा, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची आणि मुलाबरोबर न्यायची. हे कधी लागू नये. पण मंगळवारी ते लागलं असतं, तर शाळेतल्या एकालाही माहीत नव्हतं.

फोनचं मात्र तुमच्याशिवाय होणार नाही. सोमवारी प्रत्येक मुलाच्या दैनंदिनीत एक छोटा कागद येईल. त्यावर तीन नंबर हवे आहेत: आईचा, वडिलांचा, आणि आजी, मावशी, शेजारी, जे कुणी दिवसा फोन उचलतात त्यांचा. कामावर फोन जवळ ठेवता येत नसेल तर कारखान्याचा किंवा सुपरवायझरचा नंबर द्या. त्याखाली मुलाच्या लसीकरण कार्डावरून पाच-सहा वर्षांच्या डोसची तारीख लिहा. कार्ड सापडत नसेल तर तसं लिहा, अंदाजाने तारीख टाकू नका. एखाद्या औषधाची अॅलर्जी असेल तर तीही. कागद परत आले की कार्यालयातून प्रत्येक नंबरावर एक मिस्ड कॉल जाईल. तो आमचाच असेल, घाबरू नका. दर सत्राच्या सुरुवातीला हेच पुन्हा करू, कारण नंबर बदलतात.

यापुढे मुलाला रुग्णालयात न्यावं लागलं, तर रिक्षा शाळेच्या फाटकाबाहेर पडण्याआधी पालकांना फोन झालेला असेल. तो मी करीन, मी नसेन तेव्हा पर्यवेक्षिका करतील. आणि त्या मुलाच्या पालकांशी बोलून झालं की मग बाकीच्या पालकांच्या गटावर तासाभरात दोन ओळी येतील: काय झालं, मूल कसं आहे. नाव नाही, फोटो नाही.

एक विनंती. मुलांच्या बोटातली वळी, अंगठ्या, घट्ट दोरे शाळेत येताना काढून ठेवा. नवसाचं वळं असेल तर ते गळ्यात साखळीत घालायलाही नको, तेही कुठेतरी अडकतं. घरी राहू द्या.

दोन शिक्षकांनी मला विचारलं की वर्गाच्या बाईंवर काही कारवाई होणार का. नाही. त्या दिवशी सर्वांत शुद्धीवर त्या होत्या. सुतारकाकांवरही नाही, त्यांनी सांगितलेलं काम केलं. संस्थेच्या कार्यकारिणीला मी वीट, तेल आणि खिडकीची सगळी हकिकत लेखी दिली आहे, त्यावर सही माझी आहे. उपचाराचा खर्च शाळेने केला आहे, पुढच्या दोन ड्रेसिंगचाही करेल.

मुलगा सोमवारपासून शाळेत येतो आहे. टाके निघेपर्यंत बोट कोरडं ठेवायचं आहे, म्हणून त्याचे हात धुताना बाई बरोबर असतील. उजव्या हाताने तो लिहू शकतो. "डाव्या हाताने लिहितो असं सांगितलं तर अभ्यास चुकेल का?" असं त्याने आईला विचारून पाहिलं होतं म्हणे. तुमच्या मुलांना एवढंच सांगा की त्याची पट्टी उघडून दाखवायला लावू नका आणि त्याच्या डाव्या बाजूने धक्का देऊ नका.

हूक आणि पट्ट्या बघायच्या असतील तर शनिवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा मी तळमजल्यावर असेन. सुतारकाकाही असतील. ज्यांना वाटतं की आपल्या घरचं बाथरूमचं किंवा गॅलरीचं दार असंच आपटतं, त्यांनी दाराची जाडी आणि चौकटीचा फोटो घेऊन या, रेक्झिन किती रुंद लागेल ते ते सांगतील. दाराच्या जाडीवर ते ठरतं.

आपली,
मुख्याध्यापिका
नाशिक